माल उशिरा जाणार असेल तर ग्राहकाला माफीचा मेल कसा लिहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी डिस्पॅच आणि ग्राहकांचा पत्रव्यवहार बघतो. आजूबाजूच्या युनिटमधली नवी मुलं, मच्छे आणि खानापूरकडून येणारे सुपरवायझर, निपाणीत स्वतःचं छोटं युनिट टाकलेला एक जुना सहकारी, असे बरेच जण एकच गोष्ट विचारायला येतात : माल वेळेत जात नाही, पार्टीला मेल काय लिहू? त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एकच ऑर्डर शेवटपर्यंत उदाहरणाला घेतली आहे, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

ती ऑर्डर कोणती?

चाकणच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीची. बिडाचे ४०० पंप हाऊसिंग, एक नग ६४० रुपयांना, आणि माल शनिवार १५ जुलैला त्यांच्या गेटवर पोचायचा होता. कास्टिंग आम्ही दुसऱ्या फौंड्रीतून घेतो आणि मशीनिंग आमच्याकडे करतो. पहिले २७० नग वेळेत येऊन मशीनवरून उतरलेही होते. उरलेले १३० मंगळवारी, ४ जुलैला आले आणि आठवडाभर रॅकवर पडून राहिले, कारण मशीनं पहिल्या लॉटवर चालू होती.

सोमवारी, १० जुलैला त्या लॉटचा पहिला नग चकमध्ये धरला. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, पहिला कट मारला आणि हरभऱ्याएवढा गुळगुळीत, चकचकीत खड्डा उघडा पडला. ऑपरेटरने मशीन थांबवून मला हाक मारली, "हे बघा की ओ, ब्लो होल लागलंय." दुपारपर्यंत वीस नग कापले, त्यातल्या अकरांत तेच. फौंड्रीत विचारलं तेव्हा कारण कळलं. कोर, म्हणजे कास्टिंगची आतली पोकळी राखणारे वाळूचे ठोकळे, भाजून झाले, पण शनिवार-रविवार ते उघड्यावर राहिले. जुलैतल्या बेळगावच्या पावसात वाळूचा कोर ओल धरतो. साच्यात बसवण्याआधी तो पुन्हा तापवला नाही, तर त्यातल्या ओलीची वाफ वितळलेल्या बिडात अडकते आणि कातडीखाली पोकळी राहते. वरून हात फिरवला तर काही कळत नाही. कट मारला की दिसते.

म्हणजे १३० नगांचा पूर्ण लॉट बाद आणि हातात पाच दिवस.

मेल कधी पाठवायचा? शंका आल्यावर, की उशीर पक्का झाल्यावर?

उशीर होणार हे तुम्हाला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी. आमच्या बाबतीत तो सोमवार होता, संध्याकाळी सहा वाजता. "आणखी दोन दिवस बघू, ओव्हरटाइम करून जमलं तर सांगायलाच नको," हा विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो, माझ्याही आला. पण समोरच्याच्या बाजूने बघा. चाकणच्या परचेसवाल्याला सोमवारी कळलं तर तो असेंब्लीचा प्लॅन बदलू शकतो, दुसऱ्या मॉडेलचं काम पुढे ओढू शकतो, आपल्या वरिष्ठाला वेळेत सांगू शकतो. शुक्रवारी रात्री कळलं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही आणि सोमवारी सकाळी लाइनवर तो एकटा उभा असतो. माल तितकाच उशिरा येतो, पण त्याचं नुकसान मात्र दुप्पट होतं.

एक मर्यादा आहे. नुसती शंका असेल, म्हणजे एक-दोन नग बाद निघाले असतील आणि लॉटचा अंदाज आला नसेल, तर आधी अर्धा दिवस घेऊन पुरेसे नग कापून बघा. "काहीतरी गडबड वाटते आहे" असा मेल समोरच्याला फक्त घाबरवतो. आम्ही वीस नग कापले ते याचसाठी.

आधी फोन करू की आधी मेल?

फोन आधी, मेल त्याच्या मागोमाग. फोनवर विचारायचा प्रश्न एकच असतो आणि तो मेल लिहिण्याआधी विचारावाच लागतो : "सर, तुमच्याकडे दिवसाला किती नग लागतात आणि कधीपासून?" आम्हाला उत्तर मिळालं की सोमवार १७ तारखेपासून असेंब्ली सुरू होते, रोज ४० नग, रविवार सुट्टी.

या एका उत्तराने सगळं बदललं. तोपर्यंत आम्ही "४०० नग उशिरा" अशा धास्तीत होतो. आता हिशोब मांडता आला. हातातले २७० नग आत्ताच पाठवले तर सोमवार १७ ते शनिवार २२ असे सहा दिवस २४० नग लागतात आणि सोमवारी २४ ला सकाळी तीस शिल्लक राहतात. दहा कमी पडतात. म्हणजे २४ तारखेच्या आधी काहीही करून थोडा माल तिथे पोचला, तर त्यांची लाइन एक तासही थांबत नाही. ग्राहकाला माफीपेक्षा या वाक्याची गरज जास्त असते, आणि फोन केल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

फोनवर तारीख मात्र देऊ नका. "दोन तासांत हिशोब करून मेल टाकतो" एवढंच म्हणा आणि दोन तासांत टाका.

नवी तारीख कशी काढायची?

ऑफिसात बसून काढू नका. शॉप फ्लोअरवर आणि फौंड्रीत जाऊन, ज्याच्या हातून काम होणार त्याला विचारून काढा.

आमचं असं झालं. फौंड्रीने सांगितलं, मंगळवार-बुधवार नवे कोर, गुरुवारी १३ ला ओतकाम. थंड करणं, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग धरून शनिवारी संध्याकाळी कास्टिंग आमच्या दारात. मशीनं सोमवारी १७ ला सुरू. दिवसाला ३० नग निघतात, म्हणजे १३० नगांना सव्वाचार दिवस, शुक्रवारी २१ ला दुपारी काम संपतं. त्या रात्री टेम्पो निघाला तर शनिवारी सकाळी चाकण.

कागदावर हिशोब २२ तारखेचा आला. पण मेलमध्ये २२ लिहिली नाही. ओतकामाच्या दिवशी वीज गेली, एखादा कोर तुटला, ऑपरेटर आजारी पडला, यातलं एक तरी पावसाळ्यात होतंच. आम्ही माल दोन खेपांत विभागला. सोमवार-मंगळवारचे पहिले साठ नग बुधवारी १९ ला निघून गुरुवारी २० ला पोचतील. उरलेले सत्तर सोमवारी २४ ला. दोन्ही तारखांत एकेक दिवस हाताशी ठेवला. आता २७० अधिक ६० म्हणजे ३३० नगांवर त्यांची लाइन मंगळवार २५ पर्यंत निवांत चालते, म्हणजे शेवटच्या खेपेला आणखी एक दिवस लागला तरी तिकडे काही अडत नाही.

हाताशी ठेवलेला दिवस ग्राहकाला सांगायची गरज नाही. पण चार-चार दिवस लपवून ठेवणंही बरोबर नाही, त्याला तुमच्या मशीनचा अंदाज असतो. या आकाराच्या कामाला एक दिवस पुरतो असा माझा अनुभव आहे.

मेलच्या विषयात काय लिहायचं?

पीओ, म्हणजे ग्राहकाची लेखी खरेदी-ऑर्डर, तिचा नंबर, वस्तू, आणि काय बदललं. आम्ही लिहिलं : "पीओ क्र. ___ : पंप हाऊसिंग ४०० नग, १३० नगांच्या डिलिव्हरीला उशीर, नवे वेळापत्रक". "तातडीचे", "महत्त्वाचे", "क्षमस्व" यांपैकी काहीही विषयात नको. परचेसवाल्याला दिवसाला शंभर मेल येतात आणि महिन्याने तो पीओ नंबर टाकूनच तुमचा मेल शोधणार असतो. जुन्या, भलत्याच विषयाच्या मेलला रिप्लाय करून उशिराची बातमी देऊ नका. ती तिथेच बुडते, आणि नंतर "तुम्ही कळवलंच नाही" हा वाद होतो.

पूर्ण मेल दाखवाल का?

हा त्या सोमवारी गेलेला मेल. नावं आणि नंबर काढले आहेत, बाकी तसाच आहे.

> नमस्कार सर,
>
> आज दुपारी फोनवर बोलल्याप्रमाणे, या ऑर्डरमधील ४०० पैकी १३० पंप हाऊसिंग आम्ही ठरलेल्या तारखेला, म्हणजे शनिवार १५ जुलैला, देऊ शकणार नाही. याबद्दल मी आपली माफी मागतो.
>
> माल असा पोचेल :
> २७० नग : बुधवार, १२ जुलै
> ६० नग : गुरुवार, २० जुलै
> ७० नग : सोमवार, २४ जुलै
>
> आपल्या रोजच्या ४० नगांच्या हिशोबाने यात असेंब्ली थांबणार नाही असे दिसते. आपला प्लॅन वेगळा असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे, म्हणजे खेपा त्याप्रमाणे बदलता येतील.
>
> कारण : १३० कास्टिंगच्या लॉटमध्ये बोअरच्या आत ब्लो होल निघाले. हा लॉट आमच्याकडे ४ जुलैला आला होता. आल्याबरोबर दोन नग कापून बघितले असते तर हे सहा दिवस आधी कळले असते. ते आम्ही केले नाही, ही आमची चूक आहे. पूर्ण लॉट बाद केला असून नवे ओतकाम गुरुवारी होईल. नव्या लॉटचे दोन नग मशीनिंग सुरू होण्यापूर्वी कापून तपासू आणि त्यांचे फोटो आपल्याला शनिवारी रात्रीपर्यंत पाठवू.
>
> जादा खेपांचे भाडे आमच्याकडे राहील.
>
> पुढची माहिती गुरुवारी, १३ जुलैला संध्याकाळी ओतकाम झाल्यावर देतो.

यात माफी एकदाच आहे, आणि काय झालं हे सांगितल्यावर लगेच आहे. तारखा मधोमध, वेगळ्या ओळींवर, वारासकट. वार जरूर लिहा, कारण तारीख लिहिताना हात चुकतो आणि वार सोबत असला की चूक लगेच डोळ्यांत भरते. कारण तारखांच्या खाली आहे. नवीन माणूस हमखास उलट करतो. तीन परिच्छेद कारण सांगतो आणि तारीख शेवटच्या ओळीत ठेवतो, की वाचणाऱ्याला ती शोधत खाली यावं लागतं. इतकं शोधून सापडलेली तारीख "लवकरात लवकर" अशी निघाली, तर तो लगेच फोन उचलतो आणि आवाज चढलेला असतो.

चूक खरं तर फौंड्रीची होती. ती आपल्या अंगावर का घ्यायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आमच्या मालकांनीही विचारला होता.

ग्राहकाने पीओ तुम्हाला दिला आहे. फौंड्री तुम्ही निवडली. त्याच्या दृष्टीने फौंड्री म्हणजे तुमचाच एक विभाग. "आमच्या सप्लायरने खराब माल दिला" हे वाक्य खरं असलं तरी त्याच्या कानावर पडतं ते असं : यांचं त्यांच्या सप्लायरवर लक्ष नाही, पुढच्या महिन्यातही हेच होईल.

पण न केलेली चूक कबूल करायची असंही मी म्हणत नाही. कोर ओले राहिले, ही आमची चूक नव्हती, आणि मेलमध्ये ती आमची आहे असं लिहिलेलंही नाही. आमची चूक वेगळी होती. लॉट सहा दिवस रॅकवर होता आणि कोणी दोन नग कापून बघितले नाहीत. दोन नगांना अर्धा तास लागतो. ते केलं असतं तर ४ तारखेलाच कळलं असतं आणि कदाचित उशीर झालाच नसता. उशिराच्या प्रत्येक प्रकरणात अशी एक जागा असते जिथे आपल्या हातात काहीतरी होतं आणि आपण ते केलं नाही. ती जागा शोधा आणि तेवढीच, नेमकी लिहा. ती सापडली की सुधारणेचं वाक्य आपोआप सुचतं, कारण सुधारणा तिथेच करायची असते. "यापुढे अधिक काळजी घेऊ" हे वाक्य माणूस तेव्हाच लिहितो, जेव्हा त्याने ती जागा शोधलेली नसते.

फौंड्रीशी भांडण करायचं ते त्यांच्या ऑफिसात, रिजेक्शन नोट देऊन आणि बाद कास्टिंग परत पाठवून. ते ग्राहकासमोर नको.

कोणती वाक्यं टाळावीत?

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." हे एसटी स्टँडवरच्या बोर्डाचं वाक्य आहे. उशीर कुणी केला ते त्यात कुठेच येत नाही. "आम्ही १३० नग वेळेत देऊ शकलो नाही, याबद्दल माफी मागतो," असं कर्ता धरून लिहा.

"काही तांत्रिक कारणांमुळे" हेही नको. ज्या माणसाचं रोजचं कामच तांत्रिक आहे त्याला हे लिहिलं, तर काहीतरी लपवलं जातंय असंच त्याला वाटतं. ब्लो होल हा शब्द त्याला कळतो, तोच वापरा.

"समजून घ्याल ही अपेक्षा" आणि "सहकार्य करावे ही नम्र विनंती" ही वाक्यं मी आता लिहीत नाही. नुकसान त्याचं होत असताना समजूतदारपणाही त्यालाच मागायचा, हे मला पटत नाही. पाच वेळा माफी मागणंही तसंच. वाचणाऱ्याला मग आपलीच समजूत काढावी लागते.

चूक लेखी मान्य केली तर ते दंड लावतील ना?

ही भीती खरी आहे, म्हणून नीट बघू.

मेल हा लेखी पुरावा आहे यात शंका नाही. पण उशीर झाला हे मेलशिवायही सिद्ध होतं, त्यांच्या गेटच्या नोंदीवर तारीख असतेच. दंड लागायचा तर तो पीओतल्या कलमाने लागतो. म्हणून मेल लिहिण्याआधी पीओच्या मागच्या पानावरच्या अटी वाचा. आमच्या पीओत उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला अर्धा टक्का असं कलम होतं. १३० नगांची किंमत ८३,२०० रुपये. उशीर नऊ दिवसांचा, म्हणजे दुसरा आठवडा लागला असं धरलं तरी एक टक्का, ८३२ रुपये. हे कलम पूर्ण ऑर्डरच्या किमतीवर असतं तर २,५६० झाले असते. मालक ज्या आकड्याला घाबरून चूक लिहू नको म्हणत होते, तो आकडा जादा टेम्पोच्या भाड्यापेक्षाही लहान निघाला. तुमचं कलम कडक असू शकतं. म्हणून आधी वाचा, आकडा काढा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

कायद्यातल्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते. भरपाई वाजवी असावी लागते आणि त्या रकमेच्या वर जात नाही. आणि कलम ५५ प्रमाणे, वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ग्राहकाने उशिरा आलेला माल स्वीकारला, तर उशिराची भरपाई मागण्यासाठी त्याने स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून नव्या तारखांना त्यांच्याकडून लेखी "ठीक आहे" मिळवणं आपल्या फायद्याचं असतं.

खरा धोका दुसऱ्याच वाक्यात असतो. भावनेच्या भरात लोक लिहून बसतात, "यामुळे आपले जे काही नुकसान होईल त्याची सर्व जबाबदारी आमची." हे कधीही लिहू नका. त्यांची लाइन बंद पडली, त्यांच्या ग्राहकाने त्यांना दंड लावला, सगळं त्या "जे काही" मध्ये येतं. जे देणार आहात ते मोजून लिहा, जसं आम्ही "जादा खेपांचे भाडे आमच्याकडे" असं लिहिलं. ऑर्डर मोठी असेल आणि रक्कम लाखांत जात असेल, तर मेल पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

रस्ताच बंद असेल तर? सीमाभागात हे होतंच.

होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर आलं आणि बेळगावहून पुण्याकडे जाणारी वाहतूक थांबली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून हिरेबागेवाडी टोल नाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हाही गाडीवाले निघायला तयार नव्हते. ही कारणं खरी आहेत आणि चाकणच्या माणसालाही ती बातम्यांतून दिसतात.

अशा वेळी तीन वाक्यं पुरतात : माल तयार होऊन गाडीत कधी भरला, गाडी आत्ता कुठे उभी आहे, आणि पुढची माहिती कधी देणार. रस्ता कधी उघडेल ते तुमच्या हातात नाही, म्हणून तारखेऐवजी "रस्ता सुरू झाल्यापासून बारा तासांत" असं लिहा. सीमाप्रश्नावर आपलं मत, कुणाचा राग, कुणाची बाजू, यातलं काही मेलमध्ये येऊ देऊ नका. आपण इथे राहतो, मन भरून येतं हे मला माहीत आहे, पण त्या माणसाला हाऊसिंग हवी आहेत.

माल तयारच नसेल तर रस्त्याचं कारण सांगू नका. मालासोबत जाणाऱ्या ई-वे बिलावर तारीख आणि वेळ असते. रस्ता उघडल्यानंतर दोन दिवसांनी काढलेलं बिल समोरच्याच्या हातात पडतं आणि मग खरं कारण सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

मेल मराठीत लिहू की इंग्रजीत?

पीओ ज्या भाषेत, त्या भाषेत. बहुतेक वेळा ती इंग्रजी असते, कारण मेल पुढे क्वालिटी आणि अकाउंट्सकडे जातो आणि तिथे सगळे मराठी वाचणारे असतीलच असं नाही. आमची ही पार्टी पहिल्यापासून मराठीत लिहिते, म्हणून वरचा मेल मराठीत गेला. हुबळीच्या पार्टीला आमच्याकडचा पोरगा फोनवर कन्नडमध्ये सांगतो आणि मेल इंग्रजीत टाकतो. इंग्रजीत लिहायचं असेल तर आधी मराठीत विचार पक्का करा आणि वाक्यं छोटी ठेवा. लांब इंग्रजी वाक्यात चूक कुणाची तेच हरवून जातं.

त्यांनी रागाने उत्तर दिलं तर?

आम्हाला आलं होतं. "हे दर पावसाळ्यात होतं. तुमच्यावर विसंबून राहणं आता शक्य नाही." वर त्यांच्या मोठ्या साहेबांना कॉपी.

अशा मेलला तासाभरात उत्तर द्या, पण पहिल्या पाच मिनिटांत नको. बचाव करू नका आणि जुनं काही उकरू नका. "दर पावसाळ्यात" हे आमच्या नोंदीप्रमाणे खरं नव्हतं, आधी एकदाच झालं होतं. पण ते सिद्ध करून मला काय मिळणार होतं? मी एवढंच लिहिलं : "आपला राग बरोबर आहे. २७० नग आज संध्याकाळी सात वाजता निघत आहेत, इनव्हॉइस आणि गाडी नंबर सोबत जोडला आहे. गुरुवारी ओतकाम झाल्यावर मी स्वतः फोन करतो." साहेबांची कॉपी तशीच ठेवली. कॉपीतून नाव काढलं की काहीतरी दडवल्यासारखं दिसतं.

ते काही विचारत असतील, समजा नवा लॉट कोण तपासणार, तर त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत द्या.

नवी तारीखही चुकणार असं दिसलं तर?

तर लगेच फोन, आणि या वेळी मालकाने करायचा. पहिल्या वेळी तुमच्यासारख्या माणसाचं सांगणं पुरतं, दुसऱ्या वेळी नाही. मेलमध्ये पहिल्या मेलची तारीख स्वतःहून लिहा : "१० जुलैच्या मेलमध्ये आम्ही २४ तारीख दिली होती, ती पाळू शकत नाही." आधी काय शब्द दिला होता हे त्याला शोधायला लावू नका. आणि दुसरी तारीख देताना हाताशी एकाऐवजी दोन दिवस ठेवा. तिसऱ्यांदा मेल लिहायची वेळ आली, तर तोवर ते दुसरीकडे चौकशी करत असतात.

मधल्या दिवसांत काही पाठवायचं का?

ज्या दिवशी पाठवतो म्हटलं होतं त्या दिवशी, सांगण्यासारखं काही नसलं तरी. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोन ओळी टाकल्या : "ओतकाम झाले. कास्टिंग शनिवारी येतील. तारखांत बदल नाही." शनिवारी रात्री कापलेल्या दोन नगांचे फोटो गेले, बोअर आतून स्वच्छ. फोटो काढताना नगावर खडूने तारीख आणि ओतकामाचा हीट नंबर लिहिला होता, म्हणजे जुना फोटो पाठवला अशी शंका यायला नको. त्यानंतर तिकडून फोन येणं थांबलं.

माल पोचल्यावर शेवटचा मेल लागतो का?

लागतो, छोटा. शेवटची खेप निघाली की इनव्हॉइस नंबर, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन पाठवा. बेळगाव ते चाकण अंतर दोनशे किलोमीटरच्या वर असल्यामुळे ई-वे बिलाची मुदत दोन दिवसांची मिळते. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते, हे ट्रान्सपोर्टवाल्याला आठवण करून द्या. नाहीतर नाक्यावर गाडी अडकते आणि तुम्हाला आणखी एक मेल लिहावा लागतो.

आमचे शेवटचे सत्तर नग सोमवारी २४ ला सकाळी नऊच्या आत गेटवर उतरले. त्या दिवशीच्या मेलमध्ये पुन्हा माफी मागितली नाही. "४०० पैकी ४०० नग पोचले. आता प्रत्येक लॉट आल्याच्या दिवशी दोन नग कापतो, त्याचे रजिस्टर ठेवले आहे, पुढच्या भेटीत दाखवतो," एवढं लिहिलं. ऑगस्टमध्ये त्यांचा क्वालिटीचा माणूस आला, तेव्हा चहाआधी त्याने ते रजिस्टर मागितलं.